माग थांबले, पंखा चालूच

"सर, माझ्या मित्राला येत्या २० जानेवारीला ५० पूर्ण होतायत. सोलापुरात पूर्व भागात त्याचं घर आहे, वर घर आणि खाली कारखाना. वडिलांच्या वेळचे आठ यंत्रमाग होते, ते त्याने दिवाळीनंतर भंगारात काढले. कर्ज फिटलं, सुटलो म्हणतो. पण 'झोपच लागंना की रे' असंही म्हणतो. तसं विशेष काही नाही. मागच्या आठवड्यात त्याच्याकडे मुक्कामाला होतो, तर एवढ्या थंडीत तो जुना खडखडता पंखा लावून झोपला, मी दोन चादरी घेऊन कुडकुडत होतो. मला त्याला तीन ओळींची कविता द्यायचीय, त्यात त्याचा आत्ताचा मूड यावा. मी हे लिहिलंय: 'धागा धागा जुळला / माग आता थांबला / सुखी राहा मित्रा तू सदा'. हायकूसारखी ओळींत पाच-सात-पाच अक्षरं पण बसत नाहीत आणि सुविचारासारखं वाटतं. काय चुकतंय?"

"तसं विशेष काही नाही" असं म्हणून तुम्ही पुढे जे वाक्य लिहिलंय, त्यातच तुमची कविता आहे. जानेवारीत, खडखडणारा पंखा लावून झोपलेला माणूस. गेली वीस-बावीस वर्षं मी मित्रांच्या वाढदिवसाला तीन ओळी लिहून देतो आहे, आणि इतरांना लिहायला बसवतोही आहे. जवळजवळ दर वेळी असंच होतं. कवितेसाठी म्हणून माणूस जे योजून लिहितो ते कामाचं नसतं, आणि सांगता सांगता जे सहज निसटतं त्यात सगळं असतं.

आधी तुमच्या तीन ओळींबद्दल बोलतो, कारण त्यातल्या चुका नेहमीच्या आहेत.

"धागा धागा जुळला" ही ओळ विणकर मित्रासाठी म्हणून सुचली, हे उघड आहे. पण धागा, वीण, ताणाबाणा, आयुष्याचं वस्त्र या उपमा ज्याने कधी माग चालवला नाही त्याच्यासाठी ठीक आहेत. तुमच्या मित्राने तीस वर्षं धागा प्रत्यक्ष हाताळलाय. त्याच्यासाठी धागा म्हणजे सुताचा भाव, तुटला की माग थांबवून मारावी लागणारी गाठ, आणि सुताची कांडी संपली की मोडणारी लय. ज्याचा जो धंदा, त्याच्या धंद्याची उपमा त्याच्याच आयुष्याला लावू नये. ती त्याला खोटी वाटते, कारण खरी वस्तू त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. शिवाय तुमच्याकडे उपमेची गरजच नाही. त्याचे माग खरोखर गेलेत.

"सुखी राहा मित्रा तू सदा" ही शुभेच्छा आहे. ती मनापासूनची आहे, पण तीन ओळींपैकी एक ओळ शुभेच्छेला दिली की कविता दोनच ओळींची उरते, आणि तिसरी ओळ आली की वाचणारा मागच्या दोन विसरतो. "सदा" हा शब्दही बघा. तुम्हाला आत्ताचा मूड पकडायचाय आणि ओळ जन्मभराची बोलते. शुभेच्छा द्यायचीच, पण कवितेच्या खाली, साध्या बोलण्यात. त्याकडे मी शेवटी येतो.

मधली ओळ, "माग आता थांबला", ही मात्र खरी आहे. ती आपण ठेवू.

आता मूडबद्दल. लिहायला बसण्याआधी मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्या भावाचं नाव लिहितो, बोलण्यातल्या शब्दात. हे नाव कवितेत येणार नसतं. ते फक्त माझ्यासाठी, भरकटलो तर परत येण्यासाठी. बहुतेक लोक इथे "उदास" किंवा "एकटा" लिहितात आणि तिथेच फसतात, कारण असे शब्द कोणालाही लागू होतात. तुमचा मित्र उदास आहे का? तो "सुटलो" म्हणतो. कर्ज फिटलंय. रात्री-अपरात्री खाली उतरून माग बघायला लागत नाही. आणि तरी झोप नाही. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: चुकल्याचुकल्यासारखं होणं. काही गमावल्याचं दुःख निराळं आणि हे निराळं. शरीराला एखाद्या गोष्टीची सवय आहे, ती गोष्ट गेली, आणि शरीराला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून कोपऱ्यात "चुकल्याचुकल्यासारखं" लिहा.

कारण काय, हेही समजून घ्या, म्हणजे पंख्याचं महत्त्व कळेल. धोट्याचा साधा माग मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. एकच माग चालू असेल तर ठोके वेगवेगळे ऐकू येतात. आठ चालू असतील तर त्यांचे ठोके एकावेळी पडत नाहीत, एकमेकांच्या मधल्या जागा भरून काढतात, आणि खालून एक सलग गजर वर येत राहतो. पूर्व भागात ज्यांची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको. पाहुण्याला तिथे पहिल्या रात्री झोप येत नाही आणि घरच्या माणसाला वीज गेली की जाग येते. तुमचा मित्र जन्मल्यापासून त्या आवाजावर झोपलेला आहे. दिवाळीनंतर तो आवाज गेला. मग त्याने घरात जी एकच खडखडणारी वस्तू होती ती लावली. त्याला विचारलंत तर तो कदाचित "हवा लागते" म्हणेल. त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल. तुम्ही मात्र ते पाहिलंत, आणि वाढदिवसाला द्यायला याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

हे दृश्य याच वर्षाचं आहे का, हे मी नेहमी तपासतो. मागच्या वाढदिवसाला ते खरं होतं का? नव्हतं, माग चालू होते. पुढच्या वाढदिवसाला खरं असेल का? बहुधा नाही, तोवर शांततेची सवय झालेली असेल. मग ते आत्ताचं आहे. "तू दिलदार आहेस", "तू सगळ्यांना सांभाळतोस" असल्या गोष्टी दर वर्षी खऱ्या असतात, म्हणून त्या या वर्षीच्या तीन ओळींत येत नाहीत.

आता ओळी. पहिला खर्डा मी नेहमी अक्षरं न मोजता लिहितो:

माग विकले
एवढ्या थंडीतही तो रात्रभर
खडखडणारा पंखा लावून झोपतो

हा मजकूर बरोबर आहे, पण ही बातमी आहे. एकेक शब्द घेऊन बघू.

"विकले" आधी. वस्तुस्थिती तीच आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी त्याने हा शब्द वाचावा का? विकण्यात एक कर्ता असतो. वडिलांचे माग मुलाने विकले, असं त्यातून ऐकू येतं, आणि हे वाक्य तो स्वतःशी आधीच पुष्कळदा बोलून चुकला असेल. "थांबले" म्हटलं की दोष कोणाकडेच जात नाही. अक्षरं दोन्हीकडे पाचच आहेत: मा-ग-वि-क-ले, मा-ग-थां-ब-ले. "थांबले"ची निवड आणखी एका कारणाने पक्की होते, ते तिसऱ्या ओळीत दिसेल. तुमचं "माग आता थांबला" हे एकवचन मात्र सोडा. एक माग थांबला तर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक मारतात. इथे सगळे थांबले आहेत.

मग "खडखडणारा". हा शब्द काढताना माझाही हात अडखळला, कारण सगळं मर्म त्या खडखडीत आहे. पण म्हणूनच तो काढायचा. हा शब्द ठेवला की वाचणाऱ्याला लगेच कळतं: अच्छा, मागाचा आवाज गेला म्हणून पंख्याचा आवाज. कोडं घातलं आणि लगेच सोडवून टाकलं. काढला, तर थांबलेले माग आणि चालू पंखा यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहते आणि वाचणारा ती स्वतः भरतो. तुमच्या मित्राला ती भरायला क्षणही लागणार नाही, त्या पंख्याखाली तोच झोपतो. तयार कवितेत "आवाज" किंवा त्याच्या जवळपासचा एकही शब्द नसेल, आणि ती सगळी आवाजाबद्दलच असेल.

"तो" आणि "झोपतो" यांचं काय करायचं? वाढदिवसाच्या कवितेत हा प्रश्न हमखास येतो. "तो" लिहिलं तर मित्र स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं वाचतो. "तू पंखा लावतोस" लिहिलं तर पकडल्यासारखं होतं, जणू तुम्ही रात्री उठून बघत होतात. मराठीत याला चांगली वाट आहे, माणूसच वगळायचा. पंखा चालू आहे, एवढंच. तो कोणी लावला हे सांगावं लागत नाही.

मग तिसरी ओळ "पंखा चालू" अशी होते. पं-खा-चा-लू, चार अक्षरं. एक हवं. इथे बरेच जण "पंखा हा चालू" करतात. तो "हा" फक्त संख्येसाठी आलेला असतो आणि कानाला लगेच कळतो. हा, ही, तो, रे, गं ही पाहुणी अक्षरं ओळीत दिसली की समजावं, मोजणीने अर्थावर कुरघोडी केली. त्यापेक्षा "पंखा चालूच" बघा. हा "च" भरतीचा नाही. मूळ जपानी हायकूत ओळ तोडणारे, तिला वजन देणारे खास छोटे शब्द असतात, "या", "केरी", "काना" असे. त्यांना स्वतंत्र अर्थ फारसा नसतो, पण ते आले की वाचणारा थांबतो. आपल्याकडे ते काम च, की, ना ही अव्ययं करतात. "चालू" म्हणजे नुसती नोंद. "चालूच" म्हणजे बंद व्हायला हवा होता, झाला नाही. आणि आता पहिल्या ओळीतल्या "थांबले"ला याने उत्तर मिळालं. एक थांबलं, एक चालूच. "विकले" ठेवलं असतं तर ही जोडी जुळली नसती.

मधल्या ओळीसाठी मी बरेच प्रयोग केले. "संक्रांतीच्या थंडीत" मोजून सात अक्षरांत बसतं आणि सोलापूरकराला लगेच गड्ड्याची जत्रा आठवते, नंदीध्वज आठवतात. म्हणूनच ते सोडलं. सिद्धेश्वराची यात्रा एकदा मनात आली की सगळं गाव मनात येतं, आणि आपल्याला एकच खोली हवी आहे. "थंडीतल्या रात्रीही" हेही सात. पण त्यात "ही" आला आणि पुढे "च" आहेच. दोघे एकच काम करतात, म्हणजे कवी वाचणाऱ्याला दोनदा कोपर मारतो. एकच ठेवावा. शेवटी जे उरलं ते आपण रोज बोलतो तसं आहे, "थंडीत रात्रभर". थं-डी-त-रा-त्र-भ-र, सात.

माग थांबले –
थंडीत रात्रभर
पंखा चालूच

क्रम उलटा करून पाहिला तर काय होतं, तेही करून बघा. "थंडीत रात्रभर पंखा चालूच", आणि मग शेवटी "माग थांबले". आता पहिल्या दोन ओळी प्रश्न झाल्या आणि तिसरी ओळ उत्तर. वाचणारा "हं, म्हणून होय" म्हणतो आणि कागद मिटतो. माग आधी ठेवले तर जे सगळ्यांना माहीत आहे ते आधी येतं, आणि जे फक्त तुम्ही पाहिलंत ते शेवटी, काही न समजावता उघडं राहतं. पहिल्या ओळीनंतरची आडवी रेघ ठेवा. ती नसेल तर तिन्ही ओळी एका वाक्यासारख्या घसरत जातात.

तुमच्या प्रश्नातल्या दोन चादरींचा मोह मलाही झाला होता. "दोन चादरी – / थंडीत रात्रभर / पंखा चालूच" हेही पाच-सात-पाच बसतं आणि वाचून हसू येतं. शिवाय सोलापूर, चादर, विणकर, सगळं आयतं. पण चादरी कोणी घेतल्या होत्या? तुम्ही. कुडकुडणं तुमचं होतं. मग ती पाहुण्याच्या मूडची कविता होते, आणि वाढदिवस त्याचा आहे. मित्रावर लिहिताना हे फार वेळा घडतं. आपल्याला त्याच्याबद्दल काय वाटलं ते उतरतं आणि त्याला काय होतंय ते बाजूला राहतं. प्रत्येक ओळीला विचारून बघा, हे कोणाच्या अंगावर घडतंय?

आता पाच-सात-पाचबद्दल, कारण तुम्ही त्यावर अडलात. हायकू मराठीत कवयित्री शिरीष पै यांनी १९७०च्या दशकात आणला आणि रुजवला, आणि तेव्हापासून आपण अक्षरं मोजतो. पण जपानीत मोजतात ती अक्षरं नव्हेत, ते ध्वनीचे छोटे तुकडे असतात. दीर्घ स्वराचे दोन धरतात, आणि शब्दातला न् वेगळा मोजतात. आपण "टोक्यो" दोन अक्षरांत लिहितो, तिथे तो चार मोजला जातो. म्हणजे त्यांची मोजणी आपल्या अक्षरांपेक्षा मात्रांच्या जवळ आहे. त्यातच मराठीत लिहिलेलं आणि बोललेलं एक नसतं. "माग" कागदावर दोन अक्षरं, तोंडात एकच झटका. "थांबले" कागदावर तीन, तोंडात "थांब्ले", दोन. आपल्या तीन ओळी मोठ्याने म्हणा: तीन, पाच आणि चार झटके येतात. मधली ओळ लांब आणि कडेच्या तोकड्या, हा आकार टिकतो, आणि खरं महत्त्व त्याला आहे. म्हणून माझा हिशोब असा: पाच-सात-पाच सहज बसलं तर घ्यावं, एखादं अक्षर कमी-जास्त झालं तर जाऊ द्यावं, पण मोजणीसाठी बोलण्यातला क्रम मोडू नये. "रात्रभर थंडीत"सुद्धा सातच आहे. पण ते वाचून कोणी रात्रभर बाहेर थंडीत बसल्यासारखं वाटतं. आकडा बरोबर आणि चित्र चूक.

यमकाचा विचार तुमच्या ओळींत होता, जुळला-थांबला. मराठीत तीन ओळींच्या कवितेत दोन ओळींना यमक देण्याची पद्धत आहे आणि काही वेळा ते छान लागतं, विशेषतः मूड खेळकर असेल तेव्हा. यमकाने शेवट मिटतो, डबीचं झाकण लागल्यासारखा. चुकल्याचुकल्यासारखं वाटणं मिटलेलं नसतं, म्हणून इथे नको.

याला हायकू म्हणावं का, यावर फार वेळ घालवू नका. ऋतू आहे, थंडीचा. पण रोख माणसावर आहे, आणि माणसाच्या स्वभावावर, सवयीवर लिहिलेल्या याच घाटाच्या कवितेला जपानीत सेनर्यू म्हणतात. त्रिवेणी हा तिसरा प्रकार, त्यात पहिल्या दोन ओळींत शेरासारखा पुरा अर्थ असतो आणि तिसरी त्याला वळवते. तुमच्या मित्राला यातलं काहीच ठाऊक असण्याची गरज नाही.

ऋतूबद्दल मात्र एक गोष्ट मोठी आहे. हीच कविता एप्रिलच्या वाढदिवसाला मरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रात्रभर पंखा कोणाकडे चालू नसतो? "थंडीत" या एका शब्दाने पंखा विचित्र होतो, आणि तो विचित्र झाल्याशिवाय कोणी त्याच्याकडे बघत नाही. ऋतू सजावटीसाठी घ्यायचा नसतो, तो असं काम करतो म्हणून घ्यायचा.

त्याचा वाढदिवस एप्रिलमध्ये असता तर मी तुम्हाला दुपारी खाली कारखान्यात उतरून बघायला सांगितलं असतं. माग उचलून नेल्यावर जमिनीवर वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाचे डाग राहतात, आणि जिथे मागांच्या गर्दीत कधी उजेड पोचत नव्हता तिथे ऊन येतं. समजा तुम्ही ते पाहिलंत, तर:

कारखान्यात
तेलाचे आठ डाग –
ऊन पडलं

हा दुसरा मूड आहे, त्याच्या "सुटलो" या शब्दाचा. जागा रिकामी आहे, पण उजळलीही आहे. इथे रेघ दुसऱ्या ओळीनंतर आली, कारण तोड तिथे आहे. ही कविता तुम्ही २० जानेवारीला देऊ नका, कारण तुम्ही ते डाग पाहिलेले नाहीत. मी ती कल्पनेने लिहिली आहे, आणि तुमच्या मित्राला खालच्या जमिनीवर ऊन कुठवर येतं ते इंच न् इंच माहीत आहे. एक तपशील चुकला तरी तो मनातल्या मनात दुरुस्त करत बसेल. ही इथे दाखवली ती वेगळ्या कारणासाठी. माग तेच, माणूस तोच, पण मूड दोन, म्हणून कविता दोन. दोन्ही एकाच तीन ओळींत कोंबल्या तर, "झोप नाही पण सुटका झाली" असं काहीतरी होतं, आणि तो "पण" दोन्हींचा जीव घेतो.

आता लिहून झाल्यावर दोन दिवस ती बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, आणि एकेक ओळ बोटाने झाकून बघा. पहिली झाकली तर? "थंडीत रात्रभर पंखा चालूच", कोणीतरी बंद करायला विसरलं असेल. दुसरी झाकली तर पंखा आणि माग दोन्ही यंत्रं, फक्त विरोध उरतो. तिसरी झाकली तर काहीच उरत नाही. प्रत्येक ओळ काढल्यावर काही ना काही पडतंय, म्हणजे तिन्ही लागतात. तुमच्या मूळ खर्ड्यात "धागा धागा जुळला" झाकून बघा, काही बिघडत नाही.

दुसरी तपासणी, ही दुसऱ्या एखाद्या मित्राला देता येईल का? येत असेल तर अजून नेमकी झालेली नाही. ही येत नाही.

तिसरी तपासणी त्याच्या घरची आहे. जमलं तर आधी वहिनींना दाखवा. त्या "पंख्याचं मीच रोज सांगते बदला म्हणून" असं म्हणून हसल्या तर बिनधास्त द्या. त्या गप्प झाल्या तर मात्र थांबा, त्याच्या झोपेमागे तुम्हाला माहीत नसलेलं आणखी काही असू शकतं. आणि तीन महिने झोप नसेल तर कविता देण्याबरोबर त्याला डॉक्टरांकडेही न्या, ते वेगळं काम आहे आणि तेही मित्राचंच आहे.

हे मी का सांगतो, तर एकदा माझ्याकडून चूक झालेली आहे. एका मित्राच्या साठीला मी तीन ओळी लिहिल्या होत्या. परगावच्या मुलाचा फोन रविवारी यायचा, तो येईनासा झाला होता, आणि मित्र रविवारी सकाळी चार्जरजवळची खुर्ची सोडायचा नाही. ओळी चांगल्या होत्या, मी आजही तसं म्हणेन. पण मी त्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाचल्या. टाळ्या पडल्या. मित्र उठून पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याने ते मला एकट्याला सांगितलं होतं. त्यानंतर मी कोणाच्याही आत्ताच्या मूडवरची कविता चारचौघांत वाचत नाही, केकच्या आधी नाही आणि नंतरही नाही, आणि ग्रुपवर तर टाकतच नाही. ज्याचा मूड, त्याच्याच हातात द्यायची.

तेव्हा पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, रेघा नसलेला. शाईच्या पेनाने लिहा, कागदाच्या मधोमध नको, वरच्या तिसऱ्या भागात. तीन ओळी, मध्ये पुरेसं अंतर, कडेला फूल किंवा नक्षी काही नाही. शीर्षक देऊ नका. "चुकल्याचुकल्यासारखं" असं शीर्षक द्यायचा मोह होईल, पण तो शब्द तुमच्या खर्ड्याच्या कोपऱ्यातच राहू द्या. खाली बरीच जागा सोडून तारीख घाला. आता शुभेच्छा. ती तुम्ही त्याच्याशी बोलता त्या बोलीत, एक-दोन वाक्यांत लिहा. माझ्या मनात असं काहीतरी आहे: "पन्नाशीच्या शुभेच्छा रे. पुढच्या वेळी मुक्कामाला येताना तिसरी चादर घेऊन येतो, पंखा राहू दे." दोन चादरींचं तुमचं कुडकुडणं इथे कामाला आलं, आणि तो हसेल तो याच ओळीवर.

२० तारखेला गर्दी पांगल्यावर, निघताना द्या. त्याने तुमच्यासमोर वाचलं आणि काही बोलला नाही, तर "कशी वाटली" विचारू नका. गड्ड्यावर जायचं का, ते विचारा.